आजा-नातवाचा गावाकडचा संवाद इंग्रजीत नेताना: दहा ओळींचा अनुवाद, टप्प्याटप्प्याने

गावाकडच्या कथेच्या इंग्रजी अनुवादात निवेदन बहुधा सांभाळलं जातं. गडबड होते ती आजोबा तोंड उघडतात तेव्हा, आणि ती दोन तऱ्हांनी होते. एक म्हणजे आजोबा शाळामास्तरासारखं शुद्ध, पूर्ण वाक्यांचं इंग्रजी बोलू लागतात. दुसरी म्हणजे अनुवादक त्यांच्या तोंडी 'एन्ट', 'गॉना' असले शब्द घालतो आणि कराडजवळचा शेतकरी अमेरिकेतल्या कुठल्या तरी कुरणावर जाऊन उभा राहतो. मग हरवलेली माया भरून काढायला 'माय डिअर चाइल्ड' आणि 'ही सेड लव्हिंगली' यांची ठिगळं लागतात.

दोन्ही चुकांचं मूळ एकच आहे. संवादाच्या ओळीत काय म्हटलंय एवढंच पाहिलं जातं आणि ती ओळ समोरच्या माणसाला काय करते हे पाहायचं राहून जातं. खाली एका छोट्या प्रसंगावर सगळी प्रक्रिया करून दाखवली आहे. इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत दिली आहेत, कारण ती डोळ्यांनी न वाचता मोठ्याने म्हणून पाहायची आहेत. संवादाचा निकाल कानावरच लागतो.

## कामाला घेतलेला प्रसंग

पश्चिम महाराष्ट्रातलं गाव, संध्याकाळ. नातू शाळेतून येतो आणि गोठ्यात सर्जा नावाचा म्हातारा बैल दिसत नाही. निवेदन बाजूला ठेवून फक्त बोलणं घेतलं आहे.

१. "आबा, सर्जा कुटं गेला?"

२. "आरं, आदी हात-पाय धू. भाकर खा."

३. "दावनीला न्हाय त्यो. तुमी बाजाराला नेला व्हय?"

४. "बाजाराला म्हंजी… म्हातारा झाला रं त्यो. माज्यावानी."

५. "तू इकलास त्याला!"

६. "इकला न्हाय लेका. पाटलाच्या मळ्यात दिलाय. तितं वैरन हाय, सावली हाय."

७. "म्या न्हाय जेवनार."

८. "बरं. नगं जेवू. म्या बी न्हाय जेवत."

९. "…आबा, तुमी जेवा की."

१०. "तू घास घे, मग म्या घेतो. ये. बस हितं, माज्या मांडीला टेकून."

## टप्पा १: अनुवादाआधी कागदावर खुणा

संवाद आधी तीनदा मोठ्याने वाचा. पहिल्यांदा सलग वाचा, दुसऱ्यांदा फक्त आजोबांच्या ओळी, तिसऱ्यांदा फक्त नातवाच्या. तिसऱ्या वाचनात एक गोष्ट आपोआप कानावर येते: मुलगा आबांना 'तुमी' म्हणतो, पाचव्या ओळीत 'तू'वर उतरतो आणि नवव्या ओळीत 'तुमी'वर परततो. प्रसंगाचा कणा हाच आहे. आणि इंग्रजीत तो सगळाच्या सगळा गळून पडतो, कारण तिथे दोन्हीला 'यू' आहे.

आता तीन रंगांच्या पेन्सिली घ्या. एका रंगाने हाका आणि सर्वनामं (आबा, लेका, तुमी, तू). दुसऱ्याने अर्थाला फारसे न लागणारे पण सुराला लागणारे छोटे शब्द (आरं, रं, व्हय, म्हंजी, बरं, की). तिसऱ्याने वस्तू आणि जागा (दावण, भाकर, मळा, वैरण, मांडी). खुणा झाल्यावर प्रत्येक ओळीसमोर एका क्रियापदात लिहा की ही ओळ काय करते. आपल्या प्रसंगात ते असं होतं: १ विचारतो. २ टाळतात. ३ हेरतो. ४ अर्धं कबूल करतात. ५ आरोप करतो. ६ समजावतात. ७ रुसतो. ८ रुसव्यात सामील होतात. ९ माघार घेतो. १० जवळ घेतात.

दुसऱ्या ओळीसमोर 'जेवायला सांगतात' असं लिहिलंत तर पुढचं सगळं चुकेल. आबांना भाकरीपेक्षा प्रश्न टाळायचा आहे आणि त्या टाळण्यातच त्यांची माया आहे. 'टाळतात' असं लिहिलं की इंग्रजी ओळही आखूड आणि घाईची हवी हे आपोआप ठरतं.

बोली कुठली आहे याचीही नोंद ठेवा. संवादात 'काहून' आणि 'पोट्टा' आले तर वऱ्हाड, 'खय' आणि 'झील' आले तर मालवणी मुलूख. इंग्रजीत बोलीचा फरक उतरणार नाही, पण घर, पीक, जेवण आणि हाक यांची निवड त्यावर अवलंबून असते. मालवणी आजोबांच्या ताटात भाकरी सहज येईल. गुराच्या पुढ्यात मात्र कडब्याऐवजी बहुधा भाताचं गवत असेल.

तपासा: दहाही ओळींसमोर क्रियापद आहे का? दोन ओळींना एकच क्रियापद आलं असेल तर त्यातली एक ओळ तुम्हाला अजून कळलेली नाही.

## टप्पा २: हाका आणि सर्वनामं सगळ्यात आधी ठरवा

बहुतेक अनुवादक पहिल्या ओळीपासून सुरुवात करतात आणि हाक जशी येईल तशी सोडवतात. मग पहिल्या पानावर 'ग्रँडपा', तिसऱ्यावर 'आबा', शेवटी 'ग्रँडफादर' अशी सरमिसळ होते. हाकांचा निर्णय एकदाच आणि पूर्ण कथेसाठी घ्या.

आबा. हे तसंच ठेवा. 'ग्रँडपा' म्हटलं की घर बदलतं, माणूस बदलतो. रोमन लिपीत सुरुवातीला दोन 'ए' घाला, एकच घातला तर इंग्रजी वाचक पहिलं अक्षर 'ए' असं उच्चारण्याची शक्यता असते. नातं कळायला तळटीप नको. कथेच्या पहिल्या परिच्छेदात निवेदक कुठे तरी 'हिज ग्रँडफादर' म्हणतोच, त्याच वाक्याला लागून आबा आला की काम झालं. तिरप्या अक्षरातही छापू नका. मुलासाठी हा परका शब्द नाही, मग वाचकाला तो परका म्हणून का दाखवायचा?

लेका. इथे सगळ्यात जास्त चुका होतात. शब्दकोशातला 'सन' उचलून 'माय सन' केलं की आबा चर्चमधले पाद्री वाटतात. 'बॉय' म्हटलं की साहेब नोकराला बोलावतोय असा वास येतो. 'चाइल्ड' थंड आहे. मराठीत 'लेका' मायेने येतो, रागानेही येतो, आणि कुठला हे सुरावरून ठरतं. म्हणून तो शब्द तसाच ठेवावा, पण वाचकाची त्याच्याशी ओळख शांत ओळीत करून द्यावी. आपल्या प्रसंगात 'लेका' सहाव्या ओळीत येतो, मुलाच्या ओरडण्यानंतर लगेच. वाचक तिथे पहिल्यांदाच हा शब्द पाहील आणि ही शिवी आहे की काय अशा गोंधळात पडेल. त्यासाठी दुसऱ्या ओळीतल्या 'आरं'च्या जागी 'लेका' आणता येतो. 'आरं'ला इंग्रजीत सोय नाहीच. त्याची जवळीक या हाकेत जाते, आणि सहाव्या ओळीत 'लेका' पुन्हा आला की तो ओळखीचा असतो. मुलगा 'तू' म्हणून अंगावर आला तरी आबा त्याला तीच मायेची हाक मारतात, हे वाचकाला समजावून न सांगता कळतं.

एका ओळीत हरवलेलं दुसऱ्या ओळीत भरून देण्याची ही रीत पुढेही लागेल.

तुमी आणि तू. 'यू' हा एकच शब्द असल्यामुळे आदर दुसरीकडे ठेवावा लागतो. सोपा आणि खात्रीचा मार्ग असा: आदराच्या ओळींत 'आबा' ही हाक असू द्या आणि 'तू'च्या ओळीतून ती काढून घ्या. मूळ तिसऱ्या ओळीत 'आबा' नाही, तरी इंग्रजीत तिथे तो घालायचा, कारण 'तुमी'ची जागा तो भरतो. पाचवी ओळ नुसती 'यू सोल्ड हिम!' राहू द्यायची. नवव्या ओळीत 'आबा' परत येतो. वाचकाला नियम ठाऊक नसतो, पण पाचव्या ओळीत काही तरी तुटलं आणि नवव्यात जुळलं हे त्याला जाणवतं.

सावधान: मूळ कथेत मुलगा पहिल्यापासूनच आजोबांना 'तू' म्हणत असेल, तर तो उद्धटपणा नसतो. बऱ्याच घरांत तशीच रीत असते. तिथे ही युक्ती वापरू नका, नाही तर मूळात नसलेलं भांडण अनुवादात उभं राहील.

आणखी एक खड्डा: मोठी माणसं लहान पोराला 'बाबा', 'बापा', 'दादा', 'राजा' म्हणतात. 'खा रं बाबा' याचं 'ईट, फादर' झालेलं पाहिलं की वाईट वाटतं. इथे 'बाबा' म्हणजे वडील नव्हेत, ती फक्त विनवणी आहे. ती इंग्रजीत बहुधा क्रियापद दोनदा म्हणून येते: 'ईट, ईट.'

निवेदकाचा आदरही याच टप्प्यावर सांभाळायचा. मूळात 'आबा म्हणाले' असेल तर त्या अनेकवचनात मान आहे. इंग्रजीत 'ही सेड' झालं की तो जातो. निवेदनात 'दि ओल्ड मॅन' न म्हणता जागोजागी 'आबा' हे नाव घेतलं तर पुष्कळसा मान टिकतो. लेखकाने स्वतःच 'म्हातारा' लिहिलं असेल तेवढ्याच जागी 'दि ओल्ड मॅन' आणा.

## टप्पा ३: बोली कशी उतरवायची

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. 'म्या न्हाय जेवनार' हे चुकीचं मराठी नाही. त्या बोलीच्या नियमाने ते अगदी बरोबर आहे आणि बोलणारा माणूस त्यात पूर्ण सहज आहे. म्हणून त्याला मोडकं इंग्रजी देणं हा त्याच्यावर अन्याय आहे. व्याकरण चुकवून गावठीपणा दाखवला की वाचक आबांना अडाणी समजतो, आणि मूळ कथेत ते तसे नाहीत.

इंग्रजीच्या कुठल्या तरी प्रांताची बोलीही उसनी घेऊ नका. यॉर्कशरचा शेतकरी किंवा टेक्ससचा गुराखी कानात आला की दावणीचा बैल विसरला जातो.

मग उरतं काय? चार साधनं उरतात आणि ती पुरतात. छोटे, रोजच्या वापराचे शब्द. बोलण्यात आपोआप आखडणारी रूपं, म्हणजे 'ही इज' ऐवजी 'हीज', 'आय ॲम' ऐवजी 'आयम'. 'बिकॉज', 'ऑल्दो' असे जोड टाळून शेजारी शेजारी ठेवलेली छोटी वाक्यं. आणि शब्दांचा क्रम.

या चौथ्या साधनाकडे फार कमी लोक पाहतात. 'म्हातारा झाला रं त्यो' या वाक्यात कर्ता शेवटी गेला आहे. 'तो म्हातारा झाला' ही माहिती असते, 'म्हातारा झाला रं त्यो' हा उसासा असतो. बोलक्या इंग्रजीतही कर्ता असा मागे टाकता येतो: 'हीज गॉट ओल्ड, दॅट वन.' व्याकरणाला धक्का नाही, परप्रांताची बोली नाही, आणि 'रं'चा ओलावा त्या 'दॅट वन'मध्ये उतरतो.

काळाचीही एक बारीक गोष्ट आहे. 'म्हातारा झाला' याचं 'ही बिकेम ओल्ड' केलं तर ती जुनी, संपलेली घटना होते. मराठीत ते आत्ताच्या अवस्थेबद्दल आहे, म्हणून 'हीज गॉट ओल्ड'. तसंच 'म्या न्हाय जेवनार' याचं 'आय विल नॉट ईट' केलं की उपोषणाची घोषणा वाटते. रुसलेलं पोर 'आयम नॉट ईटिंग' म्हणतं.

निवेदक, आजोबा आणि नातू यांच्या भाषेत अंतर ठेवा. मूळात तिघांची मराठी वेगळी असते: निवेदक बहुधा प्रमाण, आबा पूर्ण बोलीत, नातू बोलीत पण शाळेतले शब्द मिसळून. इंग्रजीत निवेदकाला लांब वाक्यं आणि गौण वाक्यं मोकळेपणाने वापरू द्या. आबांच्या तोंडी एका वाक्यात सहसा एकच क्रियापद ठेवा. नातवाची वाक्यं त्याहून आखूड आणि सरळ.

तपासा: नावं झाकून ओळी कुणाला तरी वाचून दाखवा. कोण बोलतंय हे ऐकणाऱ्याला ओळखता आलं नाही, तर दोघांना एकच आवाज दिला गेला आहे.

## टप्पा ४: छोटे शब्द

'आरं'ची सोय दुसऱ्या टप्प्यात झाली, 'रं'ची तिसऱ्यात. राहिले चार.

'व्हय' प्रश्नाच्या शेवटी येतो तेव्हा विचारणाऱ्याला उत्तर बहुतेक कळलेलं असतं आणि ते खोटं ठरावं अशी त्याची आशा असते. 'डिडन्ट यू?' लावलं की वकिलाची उलटतपासणी होते. साधं विधान प्रश्नाच्या सुरात म्हणा: 'यू टुक हिम टू मार्केट, आबा?' मुलाची भीती या सुरातच राहते.

'म्हंजी' आणि त्यापुढची तीन टिंबं म्हणजे अडखळणं. त्याचा अर्थ शोधायला जाऊन 'दॅट इज टू से' लिहू नका. 'वेल' पुरेसा आहे, टिंबं मात्र ठेवाच.

'बरं' हा आठव्या ओळीचा प्राण आहे. आबा वाद घालत नाहीत, हरकत घेत नाहीत. 'ओके' इथे फार हलका पडतो, 'व्हेरी वेल' रागावल्यासारखा. 'ऑल राइट' बसतो.

'तुमी जेवा की' मधला 'की' म्हणजे हट्ट आणि काळजी एकत्र. इथे हमखास 'प्लीज' घातलं जातं. घालू नका. गावातल्या घरात आजा-नातू एकमेकांना 'कृपया' म्हणत नाहीत, 'धन्यवाद' म्हणत नाहीत, 'माफ करा'ही म्हणत नाहीत. असा शब्द आला की दोघांमध्ये लगेच अंतर पडतं. 'यू ईट, आबा' एवढंच लिहा. आज्ञार्थात 'यू' सहसा गाळलेला असतो. तो मुद्दाम ठेवला की 'माझं सोडा, तुम्ही जेवा' हा अर्थ येतो.

सावधान: तुमच्या मसुद्यात 'प्लीज', 'सॉरी', 'डिअर' आणि 'लव्ह' किती वेळा आलेत ते मोजा. मूळात त्यांना जोडीचा शब्द नसेल तर प्रत्येक ठिकाणाहून ते काढा आणि ओळ पुन्हा म्हणून पाहा. बहुतेक वेळा ती जास्त मायाळू झालेली असते.

## टप्पा ५: वस्तू आणि जागा

शब्दकोश बंद ठेवून आधी वस्तू डोळ्यांसमोर आणा, मग शब्द शोधा.

बैल म्हणजे 'बुल' नव्हे. शेतावर जुंपायचा बैल खच्ची केलेला असतो, त्याला 'बुलक' म्हणतात. 'बुल' म्हणजे वळू. सर्जा हा बैल आहे हे संवादात कुणी सांगणार नाही, कारण दोघांनाही ते माहीत आहे. ते निवेदनात एकदा यावं, आणि संवाद सुरू होण्याआधी यावं.

दावण म्हणजे गुरं ओळीने बांधायची दोरी आणि ती जागा. तिचं वर्णन संवादात कोंबू नका. 'हीज नॉट ऑन हिज रोप' एवढ्याने चित्र उभं राहतं.

भाकर 'ब्रेड' होऊ शकत नाही. 'भाकरी' हा शब्दच ठेवा. 'ईट' हे क्रियापद जवळ असल्यामुळे ते खाणं आहे हे कळतं. कशाची, कशी, हे हवंच असेल तर निवेदनात तव्याचा किंवा ज्वारीच्या पिठाचा उल्लेख असतो, तिथे कळेल. 'हात-पाय धू' याचं मात्र 'वॉश अप' करू नका. शाळेतून धुळीत चालत आलेल्या पोराचे पाय त्या दोन शब्दांत आहेत, म्हणून हात आणि पाय दोन्ही ठेवा.

मळा शब्दकोशात 'गार्डन' म्हणून सापडतो आणि वाचकाला गुलाबाचे ताटवे दिसू लागतात. मळा म्हणजे पाण्याखालची शेती. आबांना इथे जमिनीचा प्रकार सांगायचा नाही, सर्जा चांगल्या घरी आहे हे सांगायचंय. म्हणून 'ओव्हर ॲट पाटील्ज'. हीच ओळ कथेत पुढे मळ्याच्या वर्णनाकडे जात असेल तर शब्द बदलावा लागेल.

'वैरन हाय, सावली हाय' मध्ये 'हाय' दोनदा आहे. संपादनाच्या सवयीने 'देअर इज फॉडर अँड शेड' असं एकत्र केलं जातं. तसं करू नका. आबा पोराला आणि स्वतःलाही समजावताहेत, एक एक गोष्ट मोजून. 'देअर्ज फॉडर देअर. देअर्ज शेड.'

मांडीचं प्रकरण नाजूक आहे. 'मांडीवर' म्हणजे 'लॅप'मध्ये, पण इथे 'मांडीला टेकून' आहे: आबा मांडी घालून बसलेत आणि मुलगा त्यांना टेकून बसणार आहे. 'लॅप' लिहिलं तर मुलगा तीन वर्षांचा होतो. 'थाय' हा शब्द इंग्रजी वाचकाला या जागी खटकतो. मांडी घातलेल्या माणसाच्या शेजारी बसलं की गुडघाच लागतो, म्हणून 'अप अगेन्स्ट माय नी'.

## टप्पा ६: मसुदा, मग कापणी

आता ओळी लिहा, पण क्रमाने नको. आधी चौथी, पाचवी, आठवी आणि दहावी लिहा. प्रसंग या चार ओळींवर तोललेला आहे आणि बाकीच्या ओळींचा सूर त्यांच्यावरून ठरतो. पहिल्या ओळीपासून सुरुवात केली की सुरुवातीचा सूर थोडा चढा लागतो आणि पाचव्या ओळीला चढायला जागा उरत नाही.

चौथी ओळ घेऊन पाहू. पहिला प्रयत्न बहुधा असा असतो: 'टू द मार्केट, आय मीन… यू सी, माय चाइल्ड, ही हॅज बिकम ओल्ड नाऊ, जस्ट लाइक मायसेल्फ.' अर्थ सगळा आला आणि माणूस गेला. 'यू सी' समजावणी आहे, 'माय चाइल्ड' उसनी माया आहे, 'जस्ट लाइक मायसेल्फ' सभेतलं भाषण आहे. मूळात 'माज्यावानी' हा एकच शब्द आहे, स्वतंत्र, शेवटी, आणि त्यानंतर शांतता. म्हणून इंग्रजीतही पूर्णविराम देऊन तो वेगळा ठेवायचा: 'सेम ॲज मी.' 'लाइक मी'ही चालेल, पण तिथे सर्जा आबांसारखा दिसतो असा भास होतो. 'सेम ॲज मी' मध्ये दोघांची अवस्था एक आहे हे येतं.

सहाव्या ओळीत 'इकला न्हाय… दिलाय' हा विरोध मूळात दोन वाक्यांत आहे. तो जवळ आणला तर इंग्रजीत धार येते: 'नॉट सोल्ड, लेका. गिव्हन.'

दहाही ओळी जुळवल्यावर असा मसुदा हाती येतो:

१. "आबा, व्हेअर्ज सर्जा?"

२. "हँड्ज अँड फीट फर्स्ट, लेका. वॉश. ईट युवर भाकरी."

३. "हीज नॉट ऑन हिज रोप. यू टुक हिम टू मार्केट, आबा?"

४. "मार्केट, वेल… हीज गॉट ओल्ड, दॅट वन. सेम ॲज मी."

५. "यू सोल्ड हिम!"

६. "नॉट सोल्ड, लेका. गिव्हन. हीज ओव्हर ॲट पाटील्ज. देअर्ज फॉडर देअर. देअर्ज शेड."

७. "आयम नॉट ईटिंग."

८. "ऑल राइट. डोन्ट. आयम नॉट ईटिंग आयदर."

९. "…यू ईट, आबा."

१०. "यू टेक अ माउथफुल, देन आयल टेक वन. कम. सिट हिअर, अप अगेन्स्ट माय नी."

सातवी आणि आठवी एकदम म्हणून पाहा. 'नॉट ईटिंग' तेच शब्द आबा परत करतात, जसे मूळात 'न्हाय जेव…' परत येतात. आठव्या ओळीत 'आय वोन्ट ईट आयदर' केलं असतं तर अर्थ तोच राहिला असता, पण नातवाच्या रुसव्याला आजोबांनी दिलेली साथ ऐकू आली नसती.

तपासा: मराठी विभक्ती शब्दाला चिकटते आणि इंग्रजीत ती सुटी होते, त्यात 'अ', 'द' यांची भर पडते. म्हणून इंग्रजी ओळीत शब्द थोडे वाढणारच. पण एखादी ओळ मूळाच्या दीडपटीपेक्षा बरीच लांब झाली असेल, तर तिच्यात बहुधा खुलासा शिरलेला असतो. तो शोधून निवेदनात हलवा किंवा काढून टाका.

## टप्पा ७: बोलण्याभोवतीचं निवेदन

इथे फार थांबायला नको. 'म्हणाला', 'म्हणाले' याला 'सेड' ठेवा, दरवेळी नवा शब्द शोधू नका. 'चकल्ड', 'मर्मर्ड', 'सेड टेंडरली' हे संवाद पुरेसा बोलत नसल्याची कबुली देतात. नवव्या ओळीआधीची शांतता मूळात एका वाक्यात असेल तर इंग्रजीतही एकच वाक्य ठेवा. तिथे मुलाच्या मनात काय चाललंय ते लिहिण्याचा मोह होतो, पण ते लेखकाने लिहिलेलं नाही.

## टप्पा ८: दोन कान आणि तीन प्रश्न

मसुदा दोन-तीन दिवस बाजूला ठेवा. मग मूळ न पाहता इंग्रजी मोठ्याने वाचा आणि जिथे जीभ अडखळते तिथे खूण करा. त्यानंतरच मूळ शेजारी घ्या.

पुढे दोन वाचक हवेत. पहिला त्या भागातली बोली ऐकत वाढलेला असावा. त्याला फक्त इंग्रजी द्या आणि आबांच्या ओळी गावाकडच्या बोलीत परत सांगायला लावा. त्याच्या तोंडून 'लेका', 'रं', 'की' आपापल्या जागी आले तर सूर पोचला आहे. तो प्रमाण मराठीत सांगू लागला तर तुमचं इंग्रजी फार नीटनेटकं झालंय.

दुसरा वाचक मराठी अजिबात न येणारा असावा. त्याला तीनच गोष्टी विचारा. मुलगा कुठल्या ओळीला सगळ्यात जास्त चिडला? कुठे निवळला? आणि आबांना स्वतःला वाईट वाटतंय हे कशावरून कळलं? पहिल्याचं उत्तर पाचवी आणि दुसऱ्याचं नववी ओळ यायला हवी. तिसऱ्याला त्याने 'सेम ॲज मी' किंवा 'आयम नॉट ईटिंग आयदर' दाखवलं तर हात लावू नका. त्याने निवेदनातलं एखादं विशेषण दाखवलं, तर ते विशेषण काढून चौथ्या आणि आठव्या ओळीवर पुन्हा बसा.

'लेका'चा अर्थ काय, असं तो विचारेल. लगेच सांगू नका. त्याला काय वाटतं ते आधी विचारा. 'लाडाने म्हणत असावेत' असं उत्तर आलं तर तळटीप लागत नाही. तो शिवी म्हणाला, तर दुसऱ्या ओळीतली ओळख कमी पडली आहे, आणि कथेत त्याआधी आणखी एखाद्या शांत जागी तो शब्द यायला हवा.